दुसऱ्याने काढलेल्या फोटोतला चेहरा घेताना: हक्क आणि परवानगीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी लग्नाच्या अल्बमचं एडिटिंग करतो. ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटलेले असतात, कुणी नेमकं मान वळवलेली असते, आणि कुणी त्या दिवशी आलेलंच नसतं. मग दुसऱ्या फोटोतलं डोकं आणून बसवावं लागतं, याला आम्ही स्वॅप म्हणतो. ज्यात बसवायचं त्याला आम्ही बेस म्हणतो आणि ज्यातून घ्यायचं त्याला सोर्स. दोन्ही एकाच फोटोग्राफरचे असले तर भानगड नसते. सोर्स दुसऱ्याचा असला की पुढचे प्रश्न येतात. उत्तरं भारतातल्या कायद्यानुसार आहेत. परदेशातल्या फोटोंसाठी वेगळा प्रश्न खाली आहे.

फोटोचा मालक कोण? ज्याने काढला तो की ज्याने पैसे दिले तो?

आपल्याकडे दोन्ही बाजूंचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. फोटोग्राफरला वाटतं, बटण मी दाबलं म्हणजे फोटो माझा. गिऱ्हाइकाला वाटतं, फोटोत मी आहे म्हणजे फोटो माझा.

कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. फोटोचा ‘कर्ता’ म्हणजे तो काढणारी व्यक्ती, यात वाद नाही. पण कलम १७ म्हणतं की कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल, तर सांगणारी व्यक्ती त्या फोटोच्या कॉपीराइटची पहिली मालक होते. अट एकच: उलट करार झालेला नसावा. म्हणजे मुलीच्या वडिलांनी स्टुडिओला ऑर्डर दिली, पैसे ठरले आणि करारात हक्कांबद्दल काहीच लिहिलं नाही, तर त्या लग्नाच्या फोटोंचा कॉपीराइट वडिलांचा. नवरा-नवरीचा नाही, स्टुडिओचाही नाही.

उलट, मोबदला नसेल तर हे कलम लागू होत नाही. हौशी मावसभावाने आपल्या कॅमेऱ्याने फुकटात काढलेल्या फोटोंचा मालक तो मावसभाऊच. लग्नात जेवण दिलं म्हणून तो मोबदला होत नाही, हे मला एकदा एका मामांना समजावावं लागलं होतं.

स्टुडिओत पगारावर असलेल्या मुलाने नोकरीचा भाग म्हणून काढलेले फोटो त्याच्या नावावर जात नाहीत, पण कर्ता म्हणून त्याचं नाव राहतं. त्याचा उपयोग पुढे येईल.

बिलाच्या मागे ‘सर्व हक्क स्टुडिओकडे राखीव’ असं छापलेलं आहे. मग?

ते कधी हातात आलं, हे पाहा. ऑर्डर देताना सही केलेल्या कागदावर असेल तर तो करार आहे आणि हक्क स्टुडिओकडे राहिले. अल्बम घेताना, शेवटचा हप्ता देऊन झाल्यावर मिळालेल्या पावतीच्या मागे बारीक अक्षरात असेल, तर त्यावर दोघांचं एकमत झालं होतं असं म्हणणं अवघड जातं. तरी अशा वेळी मी वाद घालत नाही, दोघांनाही विचारतो. दोन मेसेज लिहायला पाच मिनिटं लागतात, आणि स्टुडिओकडे मूळ फाइल असते. ती आपल्याला हवीच असते.

मालक गिऱ्हाईक असेल तर फोटोग्राफरला विचारायची गरजच काय?

दोन कारणं आहेत. पहिलं कायद्याचं. कलम ५७ नुसार कर्त्याचे काही खास हक्क कॉपीराइट दुसऱ्याकडे गेला तरी त्याच्याकडेच राहतात. आपलं नाव कर्ता म्हणून सांगण्याचा हक्क, आणि आपल्या कलाकृतीची अशी मोडतोड किंवा फेरफार, ज्याने आपल्या नावाला बट्टा लागेल, ती थांबवण्याचा किंवा तिची भरपाई मागण्याचा हक्क. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं भित्तिशिल्प सरकारने काढून टाकलं, त्याचं नुकसान झालं. शिल्प सरकारच्या मालकीचं होतं. तरीही २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सेहगल यांच्या बाजूने निकाल दिला आणि पाच लाखांची भरपाई ठरवली. मालकी आणि कर्तेपण या वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायला मी नेहमी याच खटल्याचा आधार घेतो.

आमच्या कामात याचा अर्थ असा: प्रत्येक स्वॅपने फोटोग्राफरची बदनामी होत नाही. नीट बसवलेल्या चेहऱ्याबद्दल कुणी कोर्टात जाणार नाही. पण मान जुळलेली नाही, प्रकाश डावीकडून असताना नाकाची सावलीही डावीकडेच पडली आहे, आणि कोपऱ्यात त्याच्या स्टुडिओचा लोगो तसाच आहे, असा फोटो गावभर फिरला तर त्याने तक्रार करणं रास्तच आहे. बघणाऱ्याला वाटणार, हे त्याचंच काम.

दुसरं कारण फाइलचं. ते पुढच्या उदाहरणात येतं.

एखादं प्रत्यक्षातलं उदाहरण सांगा.

नाव-गाव गाळून सांगतो. लग्नातल्या ग्रुप फोटोत आजी नव्हत्या, दवाखान्यात होत्या. त्यानंतर दोन महिन्यांनी गेल्या. घरच्यांना त्या खुर्चीवर, नवरा-नवरीच्या शेजारी हव्या होत्या. फोटो २४ बाय ३६ इंचांचा करून बैठकीत लावायचा होता. आजींचा चांगला फोटो एकच होता, दोन वर्षांपूर्वी नातवाच्या मुंजीतला, दुसऱ्या स्टुडिओने काढलेला. तो व्हॉट्सॲपवरून माझ्याकडे आला.

आधी फाइल पाहिली. व्हॉट्सॲपच्या नेहमीच्या दर्जात लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरते. उभ्या, आपादमस्तक फोटोत माणूस उंचीच्या ऐंशी टक्के जागा घेतो, आणि डोकं शरीराच्या साधारण साडेसातावा भाग असतं. म्हणजे आजींचा चेहरा जेमतेम १७० पिक्सेल. बेस फोटो ६००० पिक्सेल रुंद होता आणि त्यात शेजारच्या लोकांचे चेहरे २५० च्या आसपास होते. १७० चा चेहरा ताणून २५० केला की तो एकटाच पुसट दिसतो, आणि २४ बाय ३६ मध्ये ते लपत नाही. मूळ फाइल मिळाली तर तोच चेहरा सहाशेच्या वर जातो. ताणायचा नाही, लहान करायचा. लहान केलेला चेहरा कधीच दगा देत नाही.

मग मालकी. मुंजीची ऑर्डर धाकट्या काकांनी दिली होती, पैसे त्यांनीच दिले होते, लेखी करार नव्हता. म्हणजे सोर्सचे मालक काका. लग्नाची ऑर्डर मोठ्या भावाची, म्हणजे बेसचे मालक ते. दोघे सख्खे भाऊ असले तरी मी दोघांकडून वेगवेगळा होकार घेतला. वाटण्या झालेल्या घरात ‘घरचंच आहे’ या शब्दांचा फार भरवसा धरू नये.

मुंजीच्या स्टुडिओवाल्याला काकांनी फोन केला. तो आधी कुरकुरला, ‘माझ्या फोटोवर दुसरा कुणी काम करणार का?’ म्हणून. काम काय आहे ते कळल्यावर त्याने त्याच सीनच्या चार मूळ फाइल पाठवल्या. त्यातल्या एकीत आजींवरचा प्रकाश नेमका बेसच्या दिशेने होता. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत तो उलट बाजूने होता, आणि चेहरा आडवा उलटवून काम भागलं नसतं, कारण आजींच्या एकाच गालावर तीळ होता आणि घरातल्या प्रत्येकाला तो कुठल्या बाजूला होता ते ठाऊक होतं.

शेवटी एक गोष्ट मी केली नाही. काम उत्तम झालं होतं, आधीचा-नंतरचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याचा मोह झाला. पण मला मिळालेली परवानगी भिंतीवरच्या एका प्रिंटची होती.

घरातच लावायचा असेल तर परवानगी लागते का?

कलम ५२ मध्ये खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी केलेल्या योग्य वापराला सूट आहे. तुम्ही स्वतः घरच्या संगणकावर दोन फोटो एकत्र केले आणि स्वतःच्या भिंतीवर लावले, तर काळजीचं कारण नाही. माझ्यासारखा माणूस पैसे घेऊन तेच काम करतो, तेव्हा ती सूट त्याला किती लागू पडते यावर वाद घालता येतो. मी त्या वादात पडण्यापेक्षा विचारतो. आणि फोटो फेसबुकवर, पत्रिकेवर किंवा चौकातल्या फ्लेक्सवर गेला की तो खाजगी राहिलाच नाही.

फोटो कुणी काढला तेच माहीत नाही. कसं शोधायचं?

फाइल मूळ असेल तर तिच्या आत माहिती असते. ती वाचणारा ExifTool हा प्रोग्राम संगणकावर असेल तर एवढं पुरे:

```
exiftool -Artist -Copyright -By-line -Model -DateTimeOriginal photo.jpg
```

बरेच फोटोग्राफर कॅमेऱ्याच्या मेनूतच आपलं नाव भरून ठेवतात, ते Artist किंवा Copyright पुढे दिसतं. पण सावध राहा. कॅमेरा भाड्याचा किंवा जुना विकत घेतलेला असेल तर आधीच्या मालकाचं नाव निघतं, तारीख चुकीची लावलेली असू शकते. आणि या जागा रिकाम्या असल्या म्हणजे फोटो मोकळा, असा अर्थ अजिबात होत नाही. आपल्याकडे कॉपीराइटला ना नोंदणी लागते, ना © हे चिन्ह.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधून ही माहिती गळून जाते, डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर राहते. म्हणून पाठवणाऱ्याला आधीच सांगा, ‘डॉक्युमेंट करून पाठवा’. यात पिक्सेलही वाचतात.

एवढं करून काही हाती लागलं नाही तर जुना मार्ग: प्रिंटची मागची बाजू. पूर्वीचे स्टुडिओ मागे शिक्का मारायचे, त्यावर नाव, पेठ आणि कधीकधी निगेटिव्ह नंबरही असायचा.

लोगो किंवा वॉटरमार्क काढून टाकला तर?

सोर्समधून फक्त चेहरा कापला तर लोगो आपोआपच मागे राहतो, तो भाग वेगळा. पण ओळख पटू नये म्हणून जाणूनबुजून नाव किंवा हक्काची माहिती काढणं हा कलम ६५ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. फाइलच्या आतली माहितीही यात येते. फोटोशॉपच्या Export As मध्ये Metadata पुढे None असेल तर ती नकळत पुसली जाते. तिथे Copyright and Contact Info निवडा.

परवानगी तोंडी चालते का? मेसेजमध्ये काय लिहायचं?

लेखी घ्या. कलम ३० मालकाने दिलेल्या परवान्यासाठी लेखी स्वरूपच सांगतं. माहिती तंत्रज्ञान कायद्यामुळे ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरचा मजकूरही लेखी धरता येतो, त्यामुळे स्टॅम्प पेपरची गरज नाही. मेसेजला उत्तर म्हणून आलेला नुसता अंगठ्याचा इमोजी मात्र मी परवानगी मानत नाही. कशाला होकार दिला ते त्यात दिसत नाही.

मी साधारण असं पाठवतो:

“काका, नमस्कार. मुंजीच्या फोटोंपैकी फाइल नंबर DSC_0412 मधला आजींचा चेहरा आणि मान घेऊन, दादांच्या लग्नाच्या ग्रुप फोटोत त्यांना खुर्चीवर बसवायचं आहे. २४ बाय ३६ ची एक प्रिंट आणि घरच्यांसाठी एक फाइल तयार होईल. सोशल मीडियावर मी टाकणार नाही. हे फोटो तुमच्या ऑर्डरचे आहेत आणि स्टुडिओशी हक्कांबद्दल वेगळा लेखी करार झालेला नाही, हेही कळवा. चालत असेल तर ‘वरील कामासाठी परवानगी आहे’ एवढं लिहून पाठवा.”

यात एकेक गोष्ट मुद्दाम आहे. फाइल नंबर, कारण ‘मुंजीचा फोटो’ म्हणजे सहाशे फोटो. नेमका कुठला भाग घ्यायचा, कारण नंतर ‘साडीपण तीच घ्या’ असं होतं. वापर कुठे, कारण परवानगी तेवढ्यापुरतीच. आणि मालकीबद्दलचं वाक्य, कारण चुकीच्या माणसाने दिलेली परवानगी कामाची नाही.

व्यवसायासाठी वापर असेल तर मुदत आणि प्रदेश लिहायला विसरू नका. परवान्यात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. वेबसाइटवर टाकायचं असेल तर ‘जगभर’ असा शब्द हवा.

चेहरा एवढासा, बाकी सगळं मी बदललं. तरी परवानगी?

हो. किती टक्के बदललं की फोटो आपला होतो, असा कुठलाही आकडा कायद्यात नाही. ‘तीस टक्के बदललं की चालतं’ हे मी दरवर्षी कुणाकडून तरी ऐकतो. फोटोत फेरफार करून नवी कृती बनवण्याचा हक्कही मालकाच्याच हक्कांपैकी एक आहे.

याबद्दल अमेरिकेतला एक खटला डोळ्यांपुढे ठेवण्यासारखा आहे. लिन गोल्डस्मिथ या छायाचित्रकार बाईंनी १९८१ मध्ये गायक प्रिन्सचा फोटो काढला. १९८४ मध्ये एका मासिकाने तो ४०० डॉलर देऊन चित्रकाराला संदर्भ म्हणून वापरायला घेतला, परवाना एकाच वेळेच्या वापरापुरता. चित्रकार होते अँडी वॉरहॉल. त्यांनी त्यावरून एकच नाही, सोळा चित्रं केली. प्रिन्स २०१६ मध्ये गेल्यावर त्यांतलं नारिंगी रंगातलं चित्र वॉरहॉलच्या संस्थेने दहा हजार डॉलरला मासिकाला दिलं, बाईंना काहीच मिळालं नाही. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी बाईंच्या बाजूने निकाल दिला. हा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, आणि प्रश्न त्या एका व्यावसायिक वापराचा होता. पण वॉरहॉलच्या हाताने रंगवूनही ‘हे आता वेगळं झालं’ हा बचाव तिथे टिकला नाही. आपण तर चेहरा जसाच्या तसा कापतो, ओळखू यावा म्हणूनच.

आमचं लग्न न्यू जर्सीत झालं. तिकडचे फोटो इथे एडिटिंगला दिले तर?

तिथे गणित उलटं आहे. अमेरिकेत पैसे तुम्ही दिले तरी कॉपीराइट फोटोग्राफरकडेच राहतो, करारात लिहून दिला नसेल तर. बहुतेक करारांत तुम्हाला प्रिंट काढण्याची आणि नातेवाइकांना पाठवण्याची मुभा असते, पण फोटोत फेरफार करायला मनाई, असं वाक्य अनेकदा सापडतं. इन्स्टाग्रामचे फिल्टरही लावू नका असं लिहिणारे आहेत. ब्रिटनमध्येही मालकी फोटोग्राफरचीच, मात्र घरगुती कामासाठी फोटो काढून घेणाऱ्याला ते परस्पर प्रसिद्ध होऊ न देण्याचा हक्क असतो. अशा गिऱ्हाइकाकडून मी आधी कराराची प्रत मागतो, आणि त्यात फेरफाराची मुभा दिसली नाही तर फोटोग्राफरचा ईमेल.

इंटरनेटवर ‘फ्री’ म्हणून मिळालेला फोटो?

परवाना कुठला आहे ते वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांच्या नावात ND ही अक्षरं असतील तर बदललेला फोटो इतरांना देता येत नाही, म्हणजे स्वॅपसाठी बाद. NC असेल तर पैशाचं काम नको. SA असेल तर तुमचा तयार फोटोही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, आणि लग्नाच्या घरच्यांना ते कधीच चालणार नाही. नुसतं BY असेल तर नाव द्या, बदल केल्याचं सांगा आणि वापरा. हे सगळे परवाने फोटोच्या कॉपीराइटचे आहेत. त्यातल्या माणसाने काहीही कबूल केलेलं नसतं.

म्हणजे फोटोतल्या माणसाचीही परवानगी वेगळी?

वेगळीच, आणि व्यवहारात जास्त महत्त्वाची. फोटोग्राफरने हो म्हटलं म्हणून त्या माणसाचा चेहरा कुठल्याही धडावर लावता येत नाही. खाजगीपणाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मूलभूत हक्क म्हणून मान्य केला आहे. गेलेल्या माणसाच्या बाबतीत मी जवळच्या वारसांना विचारतो. दोन मुलांमध्ये एकाचा नकार असेल तर काम घेत नाही.

वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी नेत्याचा चेहरा गूगलवरून घेऊन फेट्याखाली बसवला, चालेल?

तो फोटो बहुधा वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचा असतो. नेत्याच्या कार्यालयाकडून फोटो मागा. ते आनंदाने देतात आणि वापरायला हो म्हणतात, तो मेसेज जपून ठेवा.

आजोबांचा १९४५ चा स्टुडिओ फोटो आहे. स्टुडिओ केव्हाच बंद पडला.

जो फोटो १९५१ मध्ये किंवा त्याआधी प्रसिद्ध झाला, त्याच्या कॉपीराइटची मुदत २०११ अखेर संपली. कारण तेव्हा प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा नियम होता. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो बदलला, आणि तोवर मुदत न संपलेल्या फोटोंना कर्त्याच्या हयातीनंतर साठ वर्षं मिळाली. अडचण अशी की घरातला स्टुडिओ फोटो ‘प्रसिद्ध’ झालेलाच नसतो. मात्र तो पैसे देऊन काढून घेतलेला असतो, त्यामुळे हक्क मुळात ज्याने काढून घेतला त्याचे आणि पुढे त्याच्या वारसांचे, असं धरून मी चालतो. म्हणजे बहुतेक वेळा विचारायचं ते घरातच, काका-आत्यांना. आणि त्या फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करून ठेवा.